दोन खुर्च्या कुठून आल्या?

एक लांबट, अरुंद खोली आहे. त्रिकोणी टेबलं आहेत, तिन्ही बाजू सारख्या, आणि एका बाजूला एकच खुर्ची मावते. टेबलं एकमेकांना चिकटवून एका रांगेत मांडायची आहेत. एक टेबल असेल तर तीन खुर्च्या. दोन टेबलं जोडली की चार, कारण जिथे ती चिकटली तिथल्या दोन्ही जागा गेल्या. तीन टेबलांना पाच. मग दहा टेबलांना किती?

पुढे वाचण्याआधी वाचकांनी कागदावर तीन-चार त्रिकोण काढून बघावेत, कारण पुढचा सगळा मजकूर या त्रिकोणांभोवतीच फिरणार आहे. साधारण वीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, सॅन मटेओ भागातल्या शिक्षकांच्या एका गटाने हे गणित चौथीच्या मुलांना शिकवायचं ठरवलं. गटाने मिळून पाठ आखला. एकाने शिकवला, बाकीच्यांनी वर्गात उभं राहून पाहिला. मग सगळ्यांनी बसून तो उसवला, पुन्हा शिवला आणि दुसऱ्या मुलांना शिकवला. मिल्स कॉलेजमधल्या संशोधक कॅथरीन लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावर लिहिलंही. एका तासाच्या पाठावर इतकी माणसं इतका वेळ का घालवतात, याचं उत्तर या खुर्च्यांमध्ये सापडतं.

ही पद्धत मूळची जपानची. तिकडे तिला ‘ज्युग्यो केंक्यू’ म्हणतात, आपण पाठ-अभ्यास म्हणू. जपानच्या प्राथमिक शाळांत ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. बाहेरच्या जगाला तिची ओळख उशिरा झाली. 1995 च्या सुमारास जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतल्या आठवीच्या गणिताच्या 231 तासांचं चित्रीकरण करून तुलना करण्यात आली. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी त्यावर 1999 मध्ये पुस्तक लिहिलं. जपानी वर्गात मुलं आधी गणिताशी झुंजतात आणि सोडवण्याची रीत नंतर येते, अमेरिकेत बहुतेक वेळा उलट, असं त्यात दिसलं. जपानी शिक्षक अशा पाठापर्यंत पोचतात कसे, या प्रश्नाचं उत्तर देताना लेखकांनी पाठ-अभ्यासाकडे बोट दाखवलं, आणि तिथून अमेरिकेत त्याची लाट आली.

लाट आली म्हटल्यावर बरंच काही वाहूनही गेलं. त्याविषयी पुढे.

पाठ-अभ्यासाची सुरुवात पाठाचं टाचण लिहिण्यापासून होत नाही. आधी शिक्षक स्वतः गणित सोडवतात, प्रत्येक जण आपापल्या वहीत, एकमेकांचं न बघता. चौथीचं गणित शिक्षकांनी काय सोडवायचं, असं वाटेल. पण त्रिकोणी टेबलांचं हे गणित चार जणांना सोडवायला द्या, चार तऱ्हा निघतील. एक जण म्हणेल, प्रत्येक टेबलाची एक बाजू मोकळी राहते, कधी वर तर कधी खाली. म्हणजे दहा टेबलांच्या दहा खुर्च्या, आणि रांगेच्या दोन टोकांना एकेक, एकूण बारा. दुसरा म्हणेल, टोकाच्या टेबलांना प्रत्येकी दोन आणि मधल्या आठांना प्रत्येकी एक, म्हणजे चार अधिक आठ. तिसरा उलटीकडून येईल. दहा सुटी टेबलं असती तर तीस खुर्च्या झाल्या असत्या. नऊ ठिकाणी ती जोडली, प्रत्येक जोडात दोन खुर्च्या गेल्या, तीसातून अठरा वजा. चौथा नुसतं बोट फिरवत मोजेल. उत्तर सगळ्यांचं बाराच. पण प्रत्येकाला टेबलांच्या रांगेत वेगळं काही दिसलं आहे, आणि मुलांनाही असंच वेगवेगळं दिसणार. शिक्षकाला एकच तऱ्हा ठाऊक असेल, तर बाकीच्या तिन्ही तऱ्हा वर्गात समोर आल्या तरी त्याला त्या चुकाच वाटण्याची शक्यता असते.

चुका कुठल्या होतील याचाही अंदाज बांधावा लागतो. इथली ठरलेली चूक म्हणजे तीस. दहा टेबलं, प्रत्येकाला तीन बाजू, तीन दाहे तीस. ज्या मुलाने टेबलं प्रत्यक्ष जोडून पाहिली नाहीत ते हेच म्हणणार. जपानी पद्धतीच्या पाठ-आराखड्यात यासाठी स्वतंत्र रकाना असतो. एका रकान्यात शिक्षक काय विचारणार, त्याच्या शेजारी मुलं काय काय म्हणतील, त्यापुढे त्या प्रत्येक उत्तराला शिक्षक काय करणार, आणि शेवटी मुलांना कळलं हे कशावरून ओळखायचं. आपल्याकडच्या टाचणातही ‘शिक्षक कृती’ आणि ‘विद्यार्थी कृती’ असे रकाने असतातच. पण विद्यार्थी कृतीच्या रकान्यात आपण बहुतेक वेळा ‘विद्यार्थी उत्तरे देतील’ एवढंच लिहून मोकळे होतो. पाठ-अभ्यासात आराखड्याचा सगळा जीव या रकान्यात असतो.

आकडे निवडण्यावरही वाद होतात. माकोतो योशिदा यांनी 1993 मध्ये हिरोशिमाजवळच्या एका प्राथमिक शाळेतल्या पाठ-अभ्यासाची बारकाईने नोंद केली. तिथे विषय होता पहिलीची हातच्याची वजाबाकी, आणि मुलांपुढे पहिलं उदाहरण कुठल्या आकड्यांचं ठेवायचं, यावर शिक्षिकांनी बराच काळ खल केला होता. हा खल पोकळ नाही. तेरातून नऊ वजा करायला दिलं, तर दहातून नऊ काढून उरलेला एक तीनात मिळवण्याची युक्ती मुलाला सहज सुचते. बारातून तीन दिलं तर ते उलटं मोजत येईल, अकरा, दहा, नऊ, आणि दहाचा गठ्ठा फोडण्याची त्याला गरजच वाटणार नाही. बारातून सात दिलं तर दोन्ही वाटा खुल्या राहतात आणि वर्गात चर्चेला जागा मिळते. एक आकडा बदलला की मुलांचा विचार वेगळ्या रस्त्याला लागतो. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याने हा विचार केलेला असतो, पण तो पुस्तकात लिहिलेला नसतो. शिक्षकांनी तो उकरून काढायचा, त्यासाठी वेगवेगळी पाठ्यपुस्तकं शेजारी शेजारी ठेवून पाहायची. जपानी शिक्षक या टप्प्याला फार वजन देतात. बाहेरच्या देशांत नेमका हाच टप्पा गाळला जातो.

पुन्हा कॅलिफोर्नियाकडे वळू. गटाने मुलांना एक छापील कागद द्यायचा ठरवलं. त्यावर दोन रकान्यांचा तक्ता होता, डावीकडे टेबलं, उजवीकडे खुर्च्या. टेबलांचे आकडे आधीच ओळीने छापलेले, उजवीकडची घरं मुलांनी भरायची. हेतू चांगलाच होता. मुलं गोंधळणार नाहीत, माहिती एका जागी नीट मांडली जाईल आणि आकृतिबंध पटकन डोळ्यांत भरेल. कोणत्याही शिक्षकाने असाच कागद केला असता. मीही केला असता.

पाठाच्या दिवशी वर्गात मुलांखेरीज बरीच मोठी माणसं होती. संशोधन-पाठ पाहण्याचे काही नेम आहेत. निरीक्षकाने भिंतीला टेकून शिक्षकाकडे बघत राहायचं नाही. दोन-तीन मुलं निवडायची आणि तासभर त्यांच्याजवळ उभं राहायचं. मूल काय बोललं ते त्याच्याच शब्दांत टिपायचं, वहीत काय खोडलं, कुठे थांबलं, शेजारच्याकडे कधी पाहिलं, तेही टिपायचं. मुलाला मदत करायची नाही. हा शेवटचा नेम शिक्षकांना सर्वांत जड जातो. समोर मूल तीन दाहे तीस लिहीत असताना मुकाट्याने उभं राहणं ही शिक्षा वाटते. पण मदत केली की ते मूल एकट्याने कुठवर गेलं असतं हे कायमचं हरवतं, आणि ते कळावं म्हणून तर सगळा घाट घातलेला असतो.

पहिला पाठ वरवर छान झाला. मुलांनी तक्ते भरले, उत्तरंही आली. मागून कोणी साहेब तपासणी करत असते तर चांगला शेरा देऊन गेले असते. पण मुलांच्या शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकांच्या वह्यांत वेगळंच नोंदलं गेलं. तक्ता भरता आला तरी खुर्च्यांची संख्या टेबलांच्या संख्येपेक्षा दोनने जास्त का असते, हे सांगताना मुलं अडखळत होती. नियम हाती लागला होता, पण ते दोन टेबलांच्या रांगेत नेमके कुठे आहेत हे दाखवता येत नव्हतं.

असं का झालं, हे समजून घ्यायला तो तक्ता डोळ्यांसमोर आणा. डावीकडे एक, दोन, तीन, चार. उजवीकडे तीन, चार, पाच, सहा. हा तक्ता दोन दिशांनी वाचता येतो. वरून खाली वाचला तर उजवीकडे दर वेळी एक वाढतो. पहिली दोन-तीन घरं भरली की पुढची घरं भरायला टेबलांकडे बघायची गरजच उरत नाही. तीन, चार, पाच, सहा असं लिहीत जायचं, आणि बोलायला येणाऱ्या कोणत्याही मुलाला ते जमतं. डावीकडून उजवीकडे वाचला तर दर ओळीत दोनचा फरक दिसतो, टेबलं अधिक दोन. पुढच्या बीजगणिताला उपयोगी पडते ती ही आडवी वाचणी. शंभर टेबलांना किती खुर्च्या, असं विचारलं तर उभ्या वाटेने जाणाऱ्याला नव्व्याण्णव पायऱ्या चढाव्या लागतील, आडव्या वाटेने जाणारा एका दमात एकशे दोन म्हणेल. पण आडवी वाटही नुसत्या आकड्यांवरून हेरता येते. तीन आणि एक यांत दोनचा फरक, चार आणि दोन यांतही दोनच, म्हणून ‘दोन मिळवा’. हे बरोबर उत्तर आहे, पण त्यात टेबल नाही, खुर्ची नाही, रांगेची टोकं नाहीत. छापील कागदाने मुलांच्या वाट्याची मेहनत आधीच करून ठेवली होती. घास भरवला होता, मुलांनी तो गिळला, चव काही कळली नाही.

आता यात दोष कोणाचा? शिकवणाऱ्या शिक्षकाचा नक्कीच नाही. कागद सगळ्यांनी मिळून केला होता. पाठानंतरच्या चर्चेचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं असतं. पाठ गटाचा असतो, शिकवणारा त्या दिवशी गटाच्या वतीने उभा असतो. म्हणून चर्चेत पहिल्यांदा त्यालाच बोलू देतात. कुठे ठरल्याप्रमाणे झालं, कुठे फसलं, हे तो स्वतःच सांगतो. त्यानंतर आखणीतले बाकीचे शिक्षक, मग निरीक्षक. निरीक्षकाने मत द्यायच्या आधी पुरावा द्यायचा. ‘मुलांना मजा आली’ हे चालत नाही. ‘खिडकीजवळच्या मुलीने पहिली तीन घरं ठोकळे मांडून भरली, मग ठोकळे बाजूला सारले आणि उरलेली घरं झरझर लिहिली’ हे चालतं. असं एक वाक्य ‘पाठ उत्तम झाला’ अशा दहा वाक्यांना भारी पडतं, कारण कागदाचा दोष त्यातून उघडा पडतो. जपानमध्ये शेवटी एक बाहेरचा जाणकार बोलतो. तो त्या विषयातला मुरलेला शिक्षक किंवा प्राध्यापक असतो. तो शेरा मारत नाही. आजच्या एका तासात दिसलेली गोष्ट त्या विषयाच्या मोठ्या प्रवासात कुठे बसते, हे तो उलगडून सांगतो. टेबलं आणि खुर्च्या पुढे बीजगणितात कशा जातात, हे सांगण्याचं काम त्याचं.

गटाने बदल केला तो दिसायला अगदी किरकोळ होता. छापील तक्ता काढून टाकला. मुलांनी टेबलं मांडायची, मोजायची, आणि सापडलेली माहिती आपल्या मनाने हवी तशी लिहून ठेवायची.

बदललेला पाठ दुसऱ्या मुलांना शिकवला. अशा बदलाची किंमत असते, ती आधीच माहीत असलेली बरी. तक्ता काढला की काम रेंगाळतं. कोणी चित्रंच काढत बसतं, कोणी आकडे कागदभर विखरून लिहितं, कोणी सातव्या टेबलाच्या खुर्च्या पाचव्याच्या आधी मोजतं. नीटनेटका पाठ बघायची सवय असलेल्या डोळ्यांना हा वर्ग विस्कटलेला वाटतो. पण माहिती स्वतः लावायची वेळ आली की मुलाला ठरवावं लागतं की कशाशेजारी काय लिहू, कुठल्या क्रमाने लिहू, मी मोजलं ते नेमकं कसं. आणि कसं मोजलं हे बोलायला लागलं की दोन खुर्च्यांचा पत्ता सापडतो. ‘मी आधी वरच्या मोजल्या, मग खालच्या, मग या कडेची एक आणि त्या कडेची एक’ असं म्हणणाऱ्या मुलाने सूत्र न लिहिताही सूत्र सांगितलेलं असतं. गोल गोल बोट फिरवून बारा मोजणाऱ्याच्या हाती नुसते बारा लागतात. दोघांचं मोजणं फळ्यावर शेजारी शेजारी आलं, की पहिल्याचं काय जास्त आहे ते दुसऱ्यालाही दिसतं.

मुलाला खरंच कळलं का, हे ओळखायला मी एक साधी कसोटी सुचवेन. त्रिकोणी टेबलांच्या जागी चौकोनी टेबलं ठेवा. तशीच रांग, तशीच एका बाजूला एक खुर्ची. दहा टेबलांना किती? ज्याने आकड्यांवरून ‘दोन मिळवा’ एवढंच उचललं ते मूल पुन्हा बारा म्हणेल. ज्याने टोकं पाहिली ते म्हणेल, आता प्रत्येक टेबलाला वर एक आणि खाली एक, म्हणजे वीस, आणि टोकाच्या दोन आहेतच, बावीस. दोन्ही मुलांचे पहिले तक्ते अगदी सारखे भरलेले असतील. तक्ता तपासून त्या दोघांतला फरक कोणत्याही परीक्षकाला सांगता आला नसता.

आता जी लाट वाहून गेली म्हटलं तिच्याकडे. पाठ-अभ्यास हे नाव घेणं सोपं आहे, पण निम्मे टप्पे गाळून नुसता सांगाडा ठेवण्याचा मोह फार होतो. पहिला मोह म्हणजे पाठाचं प्रदर्शन करणं. पाहुणे येणार म्हणून हुशार मुलं पुढच्या बाकावर, उत्तरं आदल्या दिवशी घोटून घेतलेली, रंगीत तक्ते भिंतीवर. असा पाठ पाहून कोणालाच काही शिकता येत नाही, कारण त्यात कोणी अडखळत नाही. आपल्याकडे केंद्राच्या शिक्षण परिषदेत होणारे आदर्श पाठ किंवा बी.एड.चे सराव पाठ अनेकदा या वळणावर जातात. त्यात शिक्षकाचा आवाज, फळ्याचा वापर, साहित्य, वेळेचं भान यांवर गुण असतात आणि पाहणाऱ्यांच्या नजरा फळ्याकडे असतात. आदर्श पाठाचा उद्देश वेगळा आहे, तो वाईट नाही. पण त्याला पाठ-अभ्यास म्हणता येणार नाही. आदर्श पाठात उत्तर आधी माहीत असतं. संशोधन-पाठात गटाकडे खरोखरचा प्रश्न असावा लागतो. छापील तक्ता मुलांना मदत करतो की त्यांचा विचार खाऊन टाकतो, असा.

दुसरा मोह घाई. टेबलावर पुस्तकं न ठेवता, गणित स्वतः न सोडवता, एका दुपारी बसून पाठ लिहायचा आणि पुढच्या आठवड्यात शिकवायचा. मग चर्चेत बोलायला मुलांच्या बसण्याची रचना आणि आवाज यांपलीकडे काही उरत नाही. इंग्लंडमध्ये पाठ-अभ्यासाची मोठी चाचणी झाली. 180 हून अधिक प्राथमिक शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटून घेतल्या, एका गटाला पाठ-अभ्यासाचं प्रशिक्षण आणि वेळ दिला. 2017 मध्ये निकाल आला. मुलांच्या गणितात आणि वाचनात जास्तीची प्रगती दिसली नाही. तुलनेसाठी ठेवलेल्या काही शाळांतही शिक्षक एकमेकांचे तास पाहात होतेच, हा एक मुद्दा त्यात आहे. तरी निकाल निकालच, तो झटकून टाकता येणार नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला, पुन्हा कॅथरीन लुईस आणि त्यांच्या सहकारी रिबेका पेरी यांचाच. विषय होता अपूर्णांक, आणि त्यात शिक्षकांचे 39 गट होते. निवडलेल्या गटांना पाठ-अभ्यासासोबत अपूर्णांकांचा एक साहित्यसंच दिला होता. शिक्षकांनी सोडवायची गणितं, मुलांच्या ठरावीक चुका, संख्यारेषेवर अपूर्णांक कसे दाखवायचे, जपानी पाठ्यपुस्तकांतली मांडणी, असं बरंच काही त्यात होतं. इथे मुलांचं आणि शिक्षकांचंही अपूर्णांकांचं ज्ञान वाढलेलं दिसलं. दोन देश, दोन चाचण्या, विषयही वेगळे, त्यामुळे थेट तुलना करू नये. तरीही माझा कौल असा आहे की नुसतं एकत्र बसणं आणि एकमेकांचे तास पाहणं पुरत नाही. बसून ज्याच्याकडे बघायचं तो माल चांगला लागतो. अपूर्णांकांच्या गटांना तो बाहेरून मिळाला होता. ज्यांना तो मिळत नाही त्यांना तो स्वतः शोधावा लागतो आणि त्याला आठवडे लागतात.

आणि वेळ हीच या पद्धतीची खरी अडचण आहे. एका गटाकडून वर्षाकाठी एक किंवा दोन संशोधन-पाठ होतात, जास्त नाही. वर्षभराचे बाकीचे शेकडो तास तसेच शिकवायचे असतात. एका पाठावर इतका खर्च परवडतो कसा, असं कोणी विचारलं तर उत्तर त्या पाठात शोधून सापडत नाही. त्रिकोणी टेबलांचा सुधारलेला पाठ छापून जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना वाटला तर फारसा फायदा होणार नाही, कारण तो वाचणाऱ्याला छापील तक्ता का काढला हे माहीत नसेल आणि पहिल्याच गोंधळात तो तक्ता परत आणेल. ज्यांनी मुलीला ठोकळे बाजूला सारताना पाहिलं आहे, ते मात्र पुढच्या आठवड्यात भूगोलाचा किंवा व्याकरणाचा कागद छापताना थबकतात. या तक्त्यातली कोणती घरं मी आधीच भरून ठेवतो आहे, हा प्रश्न त्यांच्यासोबत राहतो.

प्रत्येक पाठ पुन्हा शिकवायलाच हवा असंही नाही. जपानमध्ये अनेकदा पाठ एकदाच होतो आणि त्यातून जे कळलं ते पुढच्या वर्षाच्या आखणीत जातं. दोन वर्ग लगोलग असतील तर बदल करून बघावा, पण मधे दोन-चार दिवस तरी हवेत. सकाळी फसलेला पाठ दुपारी दुरुस्त करून शिकवला, तर शिक्षक मुलांच्या वह्या न वाचता नुसता क्रम बदलतात, आणि नव्या पाठात जुनाच दोष नव्या जागी बसतो.

तुमच्या केंद्रात पुढचा आदर्श पाठ ठरला असेल, तर सगळी व्यवस्था न बदलता तीन गोष्टी करून बघा. पाठातलं मुख्य गणित किंवा मुख्य प्रश्न येणाऱ्या सगळ्या शिक्षकांनी आधी आपापल्या कागदावर सोडवावा आणि तऱ्हा एकमेकांना दाखवाव्यात. पाहुण्यांच्या खुर्च्या मागच्या भिंतीशी न लावता बाकांच्या मधल्या वाटेत ठेवाव्यात, प्रत्येकाने दोन मुलं वाटून घ्यावीत आणि तोंड बंद ठेवावं. आणि चर्चेत पहिला अर्धा तास शिक्षकाविषयी एकही वाक्य नको, फक्त मुलांनी काय केलं ते. केंद्रप्रमुखांची हरकत नसावी. खर्च शून्य आहे, आणि चहा नेहमीसारखा शेवटी मिळेलच.